ताईच्या लग्नाची फिल्म आणि साडेतीन पानांचं ब्रीफ

ताईचं लग्न साताऱ्यात फेब्रुवारीत झालं. व्हिडिओवाल्यांच्या पॅकेजमध्ये शूटिंग आणि सगळं कच्चं फुटेज एवढंच होतं. एडिटिंग आपण स्वतंत्र कुणाकडून तरी करून घेऊ, चार पैसे वाचतील, असं मीच घरी सगळ्यांना पटवलं होतं. लग्नानंतर दहा दिवसांनी एक हार्ड डिस्क हातात आली. हळद, लग्न आणि वरात मिळून साडेसहाशे जीबी.

पहिल्या एडिटरला मी व्हॉट्सॲपवर जो मेसेज पाठवला होता, तो अजून फोनमध्ये आहे. ‘मस्त सिनेमॅटिक करा. इमोशनल पण हवं आणि मजा पण. साधारण ५ ते १० मिनिटं. गाणं तुम्ही बघा, ट्रेंडिंगमधलं चालेल. काही बदल असले तर सांगू.’ ब्रीफ म्हणून, म्हणजे काय हवंय याची सूचना म्हणून, त्याला मिळालं ते एवढंच. तीन आठवड्यांनी नऊ मिनिटं चाळीस सेकंदांची फिल्म आली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक हिंदी सिनेमातलं गाणं, ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून. ताई-दाजींच्या गळ्यात हार आधी पडले होते आणि अंतरपाट नंतर खाली येत होता. कानपिळी तर पूर्णच गेली होती. नवरीचा भाऊ म्हणून दाजींचा कान मी पिळला होता, दाजींनी ओरडल्याचं नाटक केलं होतं आणि अख्खा हॉल हसला होता. एडिटर मराठी नव्हता. त्याला तो कुणाचा तरी आगाऊपणा वाटला असणार.

मग बदल सुरू झाले. आधी क्रम नीट करा, मग गाणं बदला, मग आत्याला घ्या, मग थोडं छोटं करा. चौथ्या वेळेला त्याने फोन उचलणं बंद केलं. दिलेले सहा हजार गेले. तेव्हा मी खूप चिडलो होतो. आज तो मेसेज वाचतो तेव्हा दिसतं, की किती वेळा बदल करायचे हे मी त्याला सांगितलंच नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं. त्याच्या बाजूने पाहिलं तर तीन वेळा फुकट काम करून तो थांबला.

दुसऱ्या एडिटर नाशिकच्या. मित्राच्या ओळखीतून मिळाल्या. त्यांनी पैशांचं बोलायच्या आधीच विचारलं, “दादा, लिहून काही आहे का तुमच्याकडे? काय हवंय ते?” मी म्हटलं, फोनवर सांगतो ना. त्या म्हणाल्या, “फोनवर तुम्ही आज एक सांगाल, आई उद्या दुसरं सांगतील. लिहा. लिहिताना अडाल तिथे मला विचारा.” त्यानंतर जवळजवळ दोन आठवडे ते ब्रीफ लिहिणं चाललं होतं. शेवटी साडेतीन पानं झाली. त्यातलं सगळ्यात जास्त काम रेफरन्स आणि संगीत या दोन ठिकाणी निघालं.

रेफरन्स म्हणून मी आधी त्यांना यूट्यूबवरच्या तीन लग्नाच्या फिल्म्स पाठवल्या आणि खाली लिहिलं, ‘असं हवंय.’ त्यांचा उलट प्रश्न आला, “यातलं नक्की काय हवंय?” मला सांगता येईना. मग त्यांनी एक गोष्ट करायला लावली, जी मी आता कुणालाही सांगतो. तीच फिल्म एकदा आवाज पूर्ण बंद करून बघायची. मग फोन उलटा टेबलावर ठेवायचा आणि फक्त ऐकायची.

पहिली फिल्म मी आवाज बंद करून पाहिली आणि चकित झालो. चित्रं अगदी साधी होती. बांगड्या, फुलं, पायऱ्यांवर बसलेली माणसं, आपल्याकडेही असलेलीच. नुसती ऐकली तेव्हा कळलं की मला आवडलेली गोष्ट आवाजात होती. काळ्या पडद्यावर आधी बांगड्यांचा आवाज येतो, कुणीतरी ‘अगं, उशीर होतोय’ म्हणतं, आणि मग दोन सेकंदांनी चित्र दिसतं. पुढचा प्रसंग बदलतानाही आवाज आधी आणि चित्र मागून. एडिटिंगमध्ये याला जे-कट म्हणतात, हे त्यांनी सांगितलं. म्हणजे मी ‘सिनेमॅटिक’ म्हणत होतो ते निदान या फिल्मच्या बाबतीत तरी आवाज आधी आणण्याबद्दल होतं. ड्रोनचा किंवा रंगांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

दुसऱ्या फिल्ममध्ये तलाव होता, त्यावरून ड्रोन जात होता. त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, “आपल्याकडे असा शॉट आहे का?” आपल्याकडे ड्रोनचे दोनच क्लिप होते, आणि दोन्हींत मंगल कार्यालयाचं पार्किंग होतं. ती फिल्म मी यादीतून काढून टाकली. फुटेजमध्ये जे नाहीच ते रेफरन्समध्ये दाखवलं, तर एडिटर ते आणणार कुठून?

तिसऱ्या फिल्मचा मुद्दा जरा तांत्रिक होता, पण तो माझ्यासारख्याला आधी माहीत असता तर बरं झालं असतं. त्यात सगळं स्लो मोशन होतं. सप्तपदीचं पाऊल, उडणाऱ्या अक्षता, सगळं हळूहळू. आमच्या फुटेजमध्ये हळद सेकंदाला ५० फ्रेमने शूट झाली होती आणि लग्न २५ फ्रेमने. फिल्म तयार होते ती २५ फ्रेमची. त्यामुळे ५० फ्रेमचं फुटेज निम्म्या वेगाने चालवलं तरी प्रत्येक फ्रेम खरी असते आणि हालचाल गुळगुळीत दिसते. २५ फ्रेमचं निम्म्यावर आणलं की तीच फ्रेम दोनदा दाखवावी लागते किंवा सॉफ्टवेअरला मधली फ्रेम बनवावी लागते. त्यांनी मला अंतरपाटाचा शॉट दोन्ही प्रकारे करून पाठवला. पहिल्यात अक्षता झटक्याझटक्याने पडत होत्या. दुसऱ्यात सॉफ्टवेअरने बनवलेल्या फ्रेममध्ये ताईच्या मुंडावळ्या कपाळात विरघळल्यासारख्या दिसत होत्या. ते बघून मी स्लो मोशनचा हट्ट सोडला. ब्रीफमध्ये लिहिलं, स्लो मोशन फक्त हळदीत.

रेफरन्सचा भाग शेवटी असा झाला:

‘फिल्म १, ०:०० ते ०:२५. इथला आवाज हवा. चित्र दिसायच्या आधी आवाज येतो ते. रंग, अक्षरं, गाणं यातलं काही नको.
फिल्म ३, १:४० ते १:५५. हळदीचा स्लो मोशन असा चालेल.
नको असलेलं: फिल्म ४, पूर्ण. दर ठोक्याला पांढरा फ्लॅश, कॅमेरा गरकन फिरल्यासारखी ट्रान्झिशन, मध्येच पळवलेले शॉट.’

चौथी फिल्म मी मुद्दाम शोधली होती. काय नको हे दाखवणारा एक रेफरन्स बाकीच्या तिन्हींपेक्षा उपयोगी पडला, असं त्या नंतर म्हणाल्या.

लांबीबद्दल घरात कधी एकमत नव्हतं. आईला सगळं हवं होतं, ताईला तीन मिनिटं पुरत होती. वाद मिटवायला एडिटरनी एक साधा हिशेब दिला. पाच मिनिटं म्हणजे तीनशे सेकंद. आम्ही ‘हे असलंच पाहिजे’ म्हणून चौदा प्रसंग लिहिले होते. एखादा प्रसंग कळायला, म्हणजे कोण, कुठे, काय चाललंय हे समजायला, किमान दहा सेकंद लागतात. अंतरपाटासारख्याला चाळीस लागतात. चौदा प्रसंग धरले तर तीनशेतले दोनशेच्या आसपास सेकंद तिथेच संपतात. मग सुरुवात, शेवट, माणसांचे चेहरे आणि थोडा श्वास घ्यायला जागा कुठून येणार?

त्या रात्री आम्ही चौघं जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो आणि चौदाचे आठ केले. ताई, दाजी (ते त्या दिवशी आमच्याकडेच होते), आई आणि मी. सीमांत पूजन गेलं. गौरीहर राहिलं, कारण ताई तिथे एकटी बसलेली आहे आणि मागे दरवाजातून आई दिसते. कन्यादान राहिलं. लाजाहोम वेगळा नको, त्यातली कानपिळी हवी, हे मी भांडून मिळवलं. सूनमुख राहिलं. पाठवणीवर ताई म्हणाली, रडणं दाखवू नका, मी गाडीत बसते तिथेच थांबवा. हे वाक्य मी जसंच्या तसं ब्रीफमध्ये टाकलं.

आठ प्रसंगांसमोर मी क्लिपची नावं लिहिली. यात माझे दोन पूर्ण दिवस गेले, पण एडिटरचा किती वेळ वाचला ते त्यांनीच नंतर सांगितलं. त्यातली एक ओळ बघा:

‘आजी, अक्षता. कॅमेरा बी, C0147.MP4, ३:१२ ते ३:३०. प्रत्येक “सावधान”ला सगळे अक्षता टाकतात. आजी टाकत नाही, मुठीत धरून ठेवते. शेवटच्या मंगलाष्टकानंतर सगळ्या एकदम टाकते. शॉट कापू नका, मूठ उघडेपर्यंत पूर्ण ठेवा.’

हा शॉट पहिल्या एडिटरच्या फिल्ममध्ये नव्हता. असणार कसा? आजी कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती, फोकसही थोडा मागच्या माणसावर होता. तिथे काय चाललंय हे माहीत नसेल तर एडिटर तो क्लिप दोन सेकंदांत पुढे ढकलणारच. असे शॉट कुठे आहेत ते घरातलं माणूसच सांगू शकतं.

क्रमाबद्दलही एक परिच्छेद लिहिला. त्या स्वतः मराठी आहेत, तरी म्हणाल्या की प्रत्येक घरची पद्धत वेगळी असते, लिहाच. शिवाय आमच्या दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळात सतरा मिनिटांचा फरक होता. फाइलच्या वेळेवरून क्रम लावला तर हार अंतरपाटाच्या आधी येतात. पहिल्या एडिटरच्या फिल्ममधला घोळ कशाने झाला असेल ते मला तेव्हा उमगलं. सोबत माणसांची एक चिठ्ठी केली. लग्नातल्याच शॉटमधून बारा चेहऱ्यांचे स्क्रीनशॉट काढले आणि खाली नातं लिहिलं. मोठी आत्या, मुंबईचे मामा, दाजींची बहीण. दोन्हीकडची माणसं सारखी आली पाहिजेत, हे वेगळं लिहावं लागलं. आमच्याच घरच्यांकडे कॅमेरा जास्त वेळ होता आणि दाजींच्या आईंना ते जाणवलं असतं.

मुख्य फिल्म पाच मिनिटांची, आडवी. शिवाय इन्स्टाग्रामसाठी एक मिनिटाचं उभं रील. इथेही मी फक्त ‘रील पण द्या’ असं लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, रील कुठल्या कॅमेऱ्यातून? कॅमेरा ए फोर-केमध्ये होता, बी फुल एचडीमध्ये. फोर-केच्या आडव्या फ्रेममधून उभी पट्टी कापली तर ती साधारण १२१५ बाय २१६० पिक्सेलची निघते. रीलला १०८० बाय १९२० पुरतात, म्हणजे काही बिघडत नाही. फुल एचडीमधून कापली तर रुंदी ६०८ पिक्सेलच्या आसपास उरते, ती ताणून मोठी करावी लागते आणि चेहरे मऊ पडतात. म्हणून रील कॅमेरा एमधूनच करायचं ठरलं, आणि त्यामुळे आजीचा शॉट रीलमध्ये येणार नाही हेही आधीच मान्य केलं. हे नंतर कळलं असतं तर वाद झाला असता. अख्ख्या विधींचा दीड तासाचा सलग व्हिडिओ आईला हवा होता. एडिटर म्हणाल्या, दोन कॅमेरे आणि आवाज जुळवून तो करणं हे वेगळं काम आहे, वेगळे पैसे आणि वेगळी मुदत. तो आम्ही या ब्रीफमधून पूर्ण बाहेर ठेवला.

संगीताचं कसं लिहायचं, यावर मी खूप अडलो. बाबांना सनई हवी होती, ताईला जुनं भावगीत, दाजींच्या मित्रांना ढोलाचा दणका. ‘सगळ्यांना आवडेल असं’ हे तर मी आधी लिहून बसलो होतो. शेवटी एडिटरनी सांगितलं तसं केलं. प्रत्येकाने एक आवडतं आणि एक अजिबात न आवडणारं गाणं द्यायचं, आणि त्यातलं नेमकं कुठलं ठिकाण ते सांगायचं. बाबांचं, ताईचं आणि दाजींचं आवडतं ठिकाण ऐकल्यावर एक गोष्ट लक्षात आली. तिघांनाही ठेका सुरुवातीला नको होता. आधी एकच वाद्य, हळू, आणि मग कुठेतरी ताल आत येतो, ती जागा तिघांनाही आवडत होती. भांडण वाद्याचं होतं, चालीचं नव्हतं. ब्रीफमध्ये गेलं ते असं: ‘सुरुवात एका वाद्यावर, ताल अंतरपाट पडल्यावरच. सनई किंवा बासरी चालेल. इलेक्ट्रॉनिक ठेका नको. कुणी बोलत असेल तेव्हा गाण्यात शब्द नकोत.’

शब्दांचा मुद्दा एडिटरच्या आग्रहामुळे आला. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या मामींचा आवाज, गुरुजींचं ‘सावधान’, कन्यादानाला बाबांचा दाटलेला आवाज, हे सगळं ऐकू यायला हवं असेल तर त्याखाली गाणाऱ्याचे शब्द चालत नाहीत. दोन माणसं एकाच वेळी बोलल्यासारखं होतं आणि दोघांचंही कळत नाही.

इथेच आणखी एक अडचण निघाली, जी मला कधी सुचली नसती. मी लिहिलं होतं की हळदीतले हसण्याचे, ओरडण्याचे खरे आवाज ठेवा. त्यांनी फुटेज ऐकून फोन केला. हळदीला डीजे चालू होता, आणि कॅमेऱ्यातल्या प्रत्येक क्लिपमध्ये मागे ते गाणं आहे. दोन क्लिप जोडले की गाणं मध्येच उडी मारतं, कडव्यातून थेट ध्रुपदात. हसणं तेवढं स्वच्छ वेगळं काढणं अवघड असतं. म्हणून हळदीत फक्त संगीत आणि लग्नात खरे आवाज, अशी वाटणी ठरली. रेफरन्समधला बांगड्यांचा आवाज हवा होता, तो गौरीहराच्या खोलीतून मिळाला. तिथे डीजे नव्हता.

सिनेमातलं गाणं न घेण्याचं कारणही त्यांनीच सांगितलं. यूट्यूबवर टाकलं की तिथली यंत्रणा गाणं ओळखते आणि हक्क ज्यांचे आहेत ते ठरवतात, व्हिडिओवर जाहिराती लावायच्या की तो काही देशांत बंद ठेवायचा. व्हिडिओ अनलिस्टेड, म्हणजे फक्त लिंक असलेल्यांनाच दिसेल असा, ठेवला म्हणून त्यातून सुटका होत नाही. इन्स्टाग्रामवर आवाजच बंद होऊ शकतो. दाजींची बहीण ऑस्ट्रेलियात असते, तिला लिंकवरच बघायचं होतं. त्यामुळे लायसन्स घेतलेलं वाद्यसंगीत वापरायचं आणि त्याचे पैसे आम्ही वेगळे द्यायचे, हे लिहून झालं.

आणि मग ती अट, जी मला आधी कडक वाटली होती. फिल्म कापायला बसायच्या आधी संगीत पक्कं करायचं. एकदा कापणं सुरू झालं की गाणं बदलायचं नाही. शॉट कुठे संपतो, अंतरपाट कुठे पडतो, हे सगळं गाण्याच्या ठेक्यावर बसवलेलं असतं. नवं गाणं टाकलं की तो सगळा ताळमेळ सुटतो आणि फिल्म जवळजवळ नव्याने कापावी लागते. पहिल्या एडिटरला मी दुसऱ्या फेरीत ‘फक्त गाणं बदला’ म्हटलं होतं. ते ‘फक्त’ नव्हतं, हे मला आता समजतंय. त्यांनी अंतरपाटाचे तेच तीस सेकंद तीन वेगवेगळ्या संगीतावर ठेवून पाठवले. तिघांनी एका बैठकीत दुसरं निवडलं, आणि मी मेलवर ‘हे पक्कं’ असं लिहून दिलं.

बदलांचा भाग सगळ्यात छोटा, पण मी तो सगळ्यात जास्त वेळा पुन्हा लिहिला. आधी मी ‘दोन रिव्हिजन’ एवढंच लिहिलं. त्यांनी विचारलं, रिव्हिजन म्हणजे काय? सकाळी एक मेसेज, दुपारी दुसरा, रात्री आत्याचा तिसरा, यातल्या दोन कुठल्या? मग असं ठरलं:

‘एक फेरी म्हणजे एका माणसाकडून आलेली एक यादी, प्रत्येक मुद्द्यासमोर मिनिट-सेकंद. यादी फक्त माझ्याकडून येईल. पहिली फेरी कच्च्या कटवर, दुसरी रंग आणि आवाजाच्या आधीच्या कटवर. कट मिळाल्यापासून सात दिवसांत यादी आली नाही तर तो मान्य आहे असं धरावं.
नाव चुकलं, शॉट दोनदा आला, आवाज तुटला, मध्ये काळी फ्रेम आली, तर तो बदल फेरीत मोजायचा नाही.
दुसऱ्या फेरीनंतरचा प्रत्येक मुद्दा ५०० रुपये. संगीत किंवा प्रसंगांचा क्रम बदलायचा असेल तर ४,०००, आणि मुदत एक आठवड्याने पुढे.’

एकूण रक्कम वीस हजार ठरली. आठ आधी, आठ कच्चा कट आल्यावर, चार शेवटची फाइल मिळाल्यावर. कट यायचा तो वॉटरमार्क लावलेला आणि वर मिनिट-सेकंद फिरत असलेला, म्हणजे आमच्याकडून चुकीची जागा सांगितली जाणार नाही.

कच्चा कट अठरा दिवसांनी आला, पाच मिनिटं बावीस सेकंदांचा. फॅमिली ग्रुपवर टाकला आणि दोन दिवसांत माझ्याकडे एकतीस मुद्दे जमले. मामा म्हणाले जरा मोठं करा, ताई म्हणाली वीस सेकंद कमी करा. काकू म्हणाल्या, २:१४ला माझे डोळे मिटलेत. दोघातिघांनी वेगवेगळ्या शब्दांत ‘मधे जरा संथ वाटतं’ लिहिलं होतं. मी त्यांना विचारलं, कुठे? तिघांनीही सूनमुखाच्या आसपासची जागा दाखवली. यादीत मी लिहिणार होतो, ‘३:३० ते ३:५० कमी करा.’ पण लिहायच्या आधी एडिटरना फोन केला. त्या म्हणाल्या, “तुम्हाला कंटाळा कुठे आला तेवढं लिहा. काय करायचं ते मी बघते.” मी तसं लिहिलं. त्यांनी सूनमुख तसंच ठेवलं, त्याच्या आधीचे जेवणाच्या पंगतीचे तीन शॉट काढले आणि संथपणा गेला. कंटाळा पंगतीत सुरू होत होता, लोकांच्या लक्षात मात्र तो सूनमुखाला येत होता. मी माझा उपाय लिहिला असता तर आरशात सुनेचा चेहरा बघणाऱ्या दाजींच्या आईच कापल्या गेल्या असत्या.

एकतीसचे अकरा मुद्दे करून पाठवले. उरलेले वीस मी एकेकाला फोन करून सोडवले, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या कामातलं सगळ्यात अवघड काम ते होतं. मोठ्या माणसांना नाही म्हणायला कागद उपयोगी पडला. “मामा, लांबी आधी पाच ठरली आहे, ताईनेच ठरवलंय,” असं म्हणता आलं.

माझ्याकडून एक गोष्ट राहिलीच. सुरुवातीच्या पाटीवर काय लिहायचं ते मी ब्रीफमध्ये दिलं नव्हतं. दुसऱ्या कटमध्ये दाजींच्या आडनावातली वेलांटी चुकीच्या अक्षराला लागली होती आणि जोडाक्षर तुटून हलन्त दिसत होतं. त्यांच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय चालू नव्हता. तो चालू नसला की देवनागरी अशी फुटते. मी मजकूर टाइप करून पाठवला, आणि बरोबर कसं दिसलं पाहिजे याचा फोटोही जोडला. लग्नपत्रिकेचाच फोटो. चूक मजकुराची होती म्हणून ती फेरीत मोजली गेली नाही.

दुसऱ्या फेरीत चारच मुद्दे होते. ते झाल्यावर दाजींच्या मित्रांनी वरातीला ढोल टाकायचा आग्रह धरला. मी दाजींना ब्रीफमधली ओळ दाखवली, चार हजार आणि एक आठवडा. त्यांनी मित्रांना काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण विषय पुन्हा निघाला नाही.

फिल्म चार मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांची झाली. आजीची मूठ पूर्ण उघडते.

गेल्या महिन्यात चुलतभावाचं लग्न ठरलं आणि त्याने माझ्याकडे ते ब्रीफ मागितलं. नावं आणि क्लिपचे नंबर काढून मी त्याला दिलं. वर हाताने दोन ओळी घातल्या, कारण त्याचं शूटिंग अजून व्हायचं आहे: व्हिडिओवाल्यांना सांग, दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सकाळी एकत्र लावा आणि विधी ५० फ्रेमने घ्या. आणि हळदीला निदान दहा मिनिटं डीजे बंद ठेवायला सांग, त्या दहा मिनिटांत सगळ्यांना हसू दे.